हँडलबारवरच्या फोनच्या व्हिडिओत खांब जेलीसारखे का हलतात, आणि ते थांबवायचं कसं

तक्रार नेहमी एकाच शब्दांत येते. बाईकच्या हँडलबारवर फोन लावून घाटाचं शूटिंग केलं, रस्ता छान दिसतोय, रंग छान आलेत, पण विजेचे खांब, झाडांची खोडं आणि समोरचा ट्रक जेलीसारखे लडबडतात. मग माणूस स्टॅबिलायझेशन चालू करतो, बंद करतो, शटर स्पीड वाढवतो, नवा फोनही घेतो, आणि जेली तिथेच राहते. कारण या एका तक्रारीखाली दोन वेगवेगळे दोष दडलेले असतात. एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही.

फोनचा सेन्सर अख्खी फ्रेम एकदम टिपत नाही. तो वरून खाली एकेक ओळ वाचत जातो. पहिली ओळ वाचून शेवटच्या ओळीपर्यंत पोचायला त्याला काही मिलिसेकंद लागतात. या काळाला इथे वाचन-वेळ म्हणू. तेवढ्या वेळात फोन हलला, तर वरच्या ओळी एका जागेवरून टिपलेल्या आणि खालच्या दुसऱ्या जागेवरून, असं होतं आणि सरळ वस्तू वाकडी दिसते.

आता दोन दोष वेगळे करा. फोन हळू आणि एकाच दिशेने वळत असेल, म्हणजे हातात धरून तुम्ही कॅमेरा डावीकडून उजवीकडे फिरवत असाल, तर खांब सरळच राहतो, फक्त तिरका होतो. हा कल. पण फोन सेकंदाला पन्नास-शंभर वेळा थरथरत असेल, तर एका फ्रेमच्या वाचनातच तो एक-दोनदा जाऊन परत येतो, आणि खांबाची नागमोडी लाट होते. ही खरी जेली. व्हिडिओ थांबवून एकच फ्रेम बघा. खांब तिरका आहे की नागमोडी आहे, एवढ्यावरून निदान निम्मं होतं.

तिरका असेल तर गोष्ट सोपी आहे. साध्या मुख्य कॅमेऱ्यात, २६ मिमी समतुल्य लेन्स धरली तर, ४के फ्रेमच्या मध्यभागी एका अंशात साधारण ५० पिक्सेल बसतात. सेकंदाला ३० अंश या वेगाने कॅमेरा फिरवला आणि वाचन-वेळ २० मिलिसेकंद असली, तर खांबाचं वरचं आणि खालचं टोक यांत ०.६ अंशाचा, म्हणजे ३० पिक्सेलचा फरक पडतो. वाचन-वेळ १० मिलिसेकंदांवर आणली तर तोच फरक १५ होतो. म्हणजे ६० फ्रेमचा मोड निवडा किंवा कॅमेरा अर्ध्या वेगाने फिरवा, काम झालं. या प्रकाराला फोनचं इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलायझेशनही बऱ्यापैकी सांभाळून घेतं. पुढचं सगळं नागमोडी प्रकाराबद्दल आहे, कारण लोक अडकतात ते तिथे.

आधी आपल्या फोनची वाचन-वेळ मोजा

ही संख्या फोनच्या डब्यावर छापलेली नसते, आणि एकाच फोनमध्ये प्रत्येक मोडला ती वेगळी असू शकते. पण घरच्या दिव्यावर ती दोन मिनिटांत मोजता येते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे तिच्यावर चालणारा साधा दिवा सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतो, म्हणजे दर १० मिलिसेकंदांनी एकदा. फोन ओळीओळीने वाचत असल्यामुळे हे मंद-तेज होणं फ्रेममध्ये आडव्या पट्ट्यांसारखं उमटतं.

जुन्या पद्धतीच्या चोकची ट्यूबलाइट असेल तर उत्तम, नाहीतर स्वस्तातला एलईडी बल्ब चालतो. चांगल्या ड्रायव्हरचे एलईडी जवळजवळ लुकलुकत नाहीत, त्यामुळे पट्ट्या दिसल्या नाहीत तर दिवा बदला. रात्री खोलीत तेवढा एकच दिवा लावा आणि त्याच्या उजेडातली पांढरी भिंत फोन आडवा धरून शूट करा. शटर स्पीड स्वतः १/१००० किंवा त्याहून जलद ठेवा. फोनचं स्वतःचं ॲप ते करू देत नसेल तर Blackmagic Camera हे फुकट ॲप करू देतं. शटर ऑटोवर ठेवलं तर फोन लुकलुक टाळण्यासाठी गुपचूप १/१०० किंवा १/५० वर जातो आणि पट्ट्याच नाहीशा होतात. इथे बरेच जण फसतात आणि आपल्या फोनला हा दोषच नाही असं समजून बसतात.

आता फ्रेमच्या उंचीत काळ्या पट्ट्या किती बसतात ते मोजा. एका काळ्या पट्टीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंतचं अंतर म्हणजे १० मिलिसेकंद. हे अंतर फ्रेमच्या उंचीच्या निम्मं असेल तर वाचन-वेळ २० मिलिसेकंद. फ्रेमच्या उंचीच्या पाच-षष्ठांश असेल तर १२. ज्या मोडमध्ये गाडीवर शूट करणार, त्याच मोडमध्ये आणि स्टॅबिलायझेशन तसंच ठेवून मोजा. ६० फ्रेमच्या मोडला १६.७ मिलिसेकंदांच्या वर जाताच येत नाही, १२० फ्रेमला ८.३ च्या आणि २४० ला ४.२ च्या. तेवढ्या वेळात पुढची फ्रेम सुरू व्हायची असते, त्यामुळे ही हमी कुठल्याही फोनला लागू आहे. मात्र ३० फ्रेमचा मोड ६० च्या मोडपेक्षा हळूच वाचेल असं काही नाही. काही फोन दोन्हीकडे सारखंच वाचतात. म्हणून मोजायचं.

लाटा मोजल्या की गुन्हेगार सापडतो

एक उदाहरण शेवटपर्यंत धरून चालू. १५० सीसीची, एका सिलिंडरची गाडी. फोन हँडलबारवर आडवा, ४के ३० फ्रेम, दुपारचं ऊन. दिव्याच्या चाचणीत काळ्या पट्ट्यांतलं अंतर फ्रेमच्या उंचीच्या निम्मं भरलं, म्हणजे वाचन-वेळ २० मिलिसेकंद. व्हिडिओत फ्रेमची पूर्ण उंची व्यापणारा एक खांब शोधला, फ्रेम थांबवली. खांबावर दीड लाट आहे.

दीड लाट २० मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाला ७५. याला ६० ने गुणलं की मिनिटाला ४५००. टॅकोमीटर त्या क्षणी ४५०० च्या आसपास होता, तर थरथर थेट इंजिनाची आहे. पिस्टनचं न तोललेलं वजन क्रँकच्या प्रत्येक फेऱ्यात एक धक्का देतं, आणि एका सिलिंडरच्या गाडीत तो सर्वांत ठळक असतो. हिशेब टॅकोमीटरच्या बरोबर दुप्पट आला तरी घोटाळा समजू नका. प्रत्येक फेऱ्यात दोनदा येणारी थरथरही असते, आणि एका ओळीत चार सिलिंडर असलेल्या इंजिनात तीच मुख्य असते.

टॅकोमीटर नसेल तर त्याच गिअरमध्ये वेग थोडा वाढवून दुसरा नमुना घ्या. लाटांची संख्या वेगाबरोबर वाढली तर इंजिन. वेग काहीही असो, लाटा तेवढ्याच राहिल्या, फक्त एका ठरावीक वेगाला त्या एकदम मोठ्या झाल्या, तर माउंट स्वतःच्या तालावर नाचतोय. लांब दांडीच्या, दोन-तीन बॉल जोड असलेल्या माउंटमध्ये हे हमखास दिसतं.

आणखी एक पडताळा गमतीचा आहे. ३० फ्रेमवर शूट करताना इंजिन ३६०० आरपीएमवर स्थिर ठेवलं, तर सेकंदाला ६० थरथरी होतात, म्हणजे एका फ्रेममागे बरोबर दोन. प्रत्येक फ्रेममध्ये लाट त्याच जागी येते आणि खांब वाकडा पण स्तब्ध दिसतो. तिथून वर-खाली जाताच लाट हळूहळू सरकू लागते. ४५०० वर एका फ्रेममागे अडीच थरथरी होतात, त्यामुळे दर फ्रेमला लाट उलटी होते. उजवीकडे फुगलेला खांब पुढच्या फ्रेमला डावीकडे फुगतो. डोळ्याला सगळ्यात जास्त खुपते ती ही जेली. रस्त्यावर फोनकडे बघत हे करायचं नाही, अर्थातच. गाडी स्टँडवर, न्यूट्रलमध्ये, समोर दरवाजाची चौकट.

फ्रेम रेट वाढवून ही जेली का जात नाही

सर्रास दिला जाणारा सल्ला म्हणजे ६० फ्रेमवर शूट करा. तिरकेपणाला तो बरोबर आहे, थरथरीला जवळजवळ निरुपयोगी. आपल्याच गाडीवर पाहा. ६० फ्रेमच्या मोडची वाचन-वेळ १२ मिलिसेकंद आली असं धरू. ७५ गुणिले ०.०१२ म्हणजे ०.९ लाट. खांबावर दीडऐवजी जेमतेम एक लाट राहिली, पण ती तेवढीच फुगलेली आहे. फुगवटा ठरतो तो फोन किती अंश हलतो त्यावर. वाचन-वेळेने फक्त लाटांची संख्या बदलते. २४० फ्रेमला जास्तीत जास्त एक तृतीयांश लाट उरते, तेव्हा खांब नागमोडी व्हायचा थांबून कलू लागतो, आणि काही फ्रेममध्ये तो कल मूळ फुगवट्याच्या जवळपास असतो. ७५ हर्ट्झची ही लाट दहाव्या हिश्श्यावर आणायची तर वाचन-वेळ अर्ध्या मिलिसेकंदाच्या आत हवी. फोनच्या रोजच्या व्हिडिओ मोडकडून ती अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही.

शटर स्पीड वाढवल्याने तर उलटंच होतं. शटर स्पीड म्हणजे प्रत्येक ओळ किती वेळ उजेड घेते ते. ओळींचा क्रम आणि त्यांमधला वेळ त्याने बदलत नाही. १/४००० वर प्रत्येक ओळ धारदार, आणि म्हणून लाटही धारदार.

तेव्हा उपाय फोन हलण्यावरच करायचा आहे.

किती हलणं जास्त, आणि कुठलं हलणं

इथे एक गोष्ट नीट समजली की माउंट निवडणं सोपं होतं. फोन अर्धा मिलिमीटर वर-खाली हलला, आणि खांब २० मीटरवर आहे, तर खांबाच्या चित्रात एका पिक्सेलच्या दहाव्या हिश्श्याएवढाही फरक पडत नाही. पण फोन ०.१ अंश डुलला, तर ४के चित्रात ५ पिक्सेलचा फरक पडतो, खांब २० मीटरवर असो की २०० वर. म्हणजे दूरच्या दृश्यात जेली होते ती जवळजवळ पूर्णपणे फोनच्या डुलण्यामुळे. वर-खाली होण्याचा त्यात फारसा हात नसतो.

माउंटची दांडी लांब असली की हँडलबारचं साधं वर-खाली होणं टोकाला डुलण्यात बदलतं. फोनचा जड भाग पकडीच्या एका बाजूला लोंबत असेल तरी तेच. म्हणून दांडी शक्य तितकी आखूड, शक्यतो नाहीच. फोनचा मध्य पकडीच्या मध्यावर. कॅमेऱ्याचा उंचवटा पकडीत येतो म्हणून फोन बाजूला सरकवून लावण्याची सवय बरीच दिसते. पकड बदलावी लागली तरी चालेल, फोन मध्यात आणा. माउंट हँडलबारच्या टोकाकडे, आरशाच्या दांडीवर, लावू नका. मधल्या क्लॅम्पजवळ लावा, टोकापेक्षा तिथलं हलणं बरंच कमी असतं. बॉल जोड हाताने घट्ट लागला तरी फोनची कड धरून हलवून पाहा. जराही खट् असा आवाज आला तर तो जोड ७५ हर्ट्झला वाजणार.

लेन्सचाही इथे संबंध आहे. दुप्पट झूमवर तेच ०.१ अंश १० पिक्सेल होतं, अल्ट्रावाइडवर साधारण अडीच. गाडीवर झूम वापरूच नये.

डॅम्पर: मऊ किती असावा

आता मुख्य इलाज. हँडलबार आणि फोनची पकड यांच्यामध्ये रबर किंवा सिलिकॉनच्या गोळ्यांवर तोललेली पट्टी, म्हणजे व्हायब्रेशन डॅम्पर. बाजारात ते भरपूर मिळतात आणि त्यातले बरेच इतके कडक असतात की नसल्यात जमा. काही तर आगीत तेल ओततात, कारण डॅम्पर आणि फोन मिळून एक स्प्रिंग होते आणि तिचा स्वतःचा एक ताल असतो. इंजिनाची थरथर त्या तालाशी जुळली तर ती वाढते. थरथर तालाच्या सुमारे १.४ पटीच्या वर गेली की घट सुरू होते, आणि तीन पटीच्या वर ती भरघोस असते.

ताल मोजायला यंत्र लागत नाही. फोनच्या वजनाने डॅम्पर किती दबतो, एवढं कळलं की पुरे. १ मिलिमीटर दबला तर ताल सुमारे १६ हर्ट्झ, अर्धा मिलिमीटर तर २२, पाव मिलिमीटर तर ३२. एवढं बारीक अंतर पट्टीने मोजता येत नाही म्हणून युक्ती करा. फोन आणि पकड मिळून पाव किलोच्या आसपास भरतात. डॅम्पर टेबलावर घट्ट बसवून त्यावर एक लिटर पाण्याची भरलेली बाटली ठेवा, म्हणजे चौपट वजन झालं. दोन पट्ट्यांमधली फट आधी आणि नंतर मोजा आणि फरकाला चाराने भागा.

आपल्या उदाहरणात बाटलीने फट २ मिलिमीटरनी कमी झाली असं धरा. म्हणजे फोनखाली अर्धा मिलिमीटर, ताल २२ हर्ट्झ. इंजिनाचे ७५ हे त्याच्या साडेतीन पटीच्या जरा खाली, आणि एवढ्या अंतरावर थरथरीचा साधारण दहावा हिस्साच फोनपर्यंत पोचतो. ५ पिक्सेलचा फुगवटा अर्ध्या पिक्सेलवर आला, जेली संपली. पावच मिलिमीटर दबणाऱ्या डॅम्परमधून पाचवा हिस्सा पोचला असता, आणि ०.०५ मिलिमीटर दबणारा कडक डॅम्पर ७० हर्ट्झच्या तालावर बसून थरथर कित्येक पटींनी वाढवून देतो. प्रत्यक्षात रबर हलत्या भाराला जरा कडक वागतं, त्यामुळे घट हिशेबापेक्षा थोडी कमीच मिळेल. बाटलीखाली २ ते ४ मिलिमीटर दबणारा डॅम्पर शोधा. त्याहून मऊ घेतला तर गतिरोधकावर फोन मान टाकतो आणि घाटातल्या खड्ड्यांत डुलत राहतो.

बरोबर डॅम्पर लागल्याची एक खूण घाबरवणारी असते: आयडलिंगला फोन आधीपेक्षा जास्त थरथरतो. १३०० आरपीएम म्हणजे २२ हर्ट्झ, अगदी डॅम्परचा ताल. गाडी चालू लागली आणि आरपीएम वर गेला की ते थांबतं. लोक नेमकी स्टँडवर चाचणी घेतात, आयडलिंगला थरथर बघतात आणि चांगला डॅम्पर परत करतात.

डॅम्पर फोनच्या जवळ असावा. दांडी ठेवावीच लागली तर आधी दांडी, मग डॅम्पर, मग पकड. उलट लावला तर डॅम्परवर फोनसकट अख्खी दांडी डुलते. चार गोळ्यांचा डॅम्पर घेतला तर गोळ्या एकमेकींपासून जितक्या लांब, तितकं डुलणं कमी. आणि फोनला एक सुटी सुरक्षा दोरी बांधा, सैल. ती ताणून बांधली की थरथर तिच्यातून फोनपर्यंत पोचते आणि डॅम्परचे पैसे वाया.

हे सगळं नको असेल तर फोन छातीवरच्या हार्नेसमध्ये लावा. सीटचा फोम आणि माणसाचं शरीर मिळून ७५ हर्ट्झ जवळजवळ पूर्ण गिळतात. हँडलबार आणि आरसे चित्रात येतात, वळणावर चित्र अंगाबरोबर वळतं, ते काहींना आवडत नाही. जेलीच्या बाबतीत मात्र हा सगळ्यात खात्रीचा मार्ग आहे.

लेन्स स्वतःच हलत असेल तर

ऑप्टिकल स्टॅबिलायझेशनच्या फोनमध्ये लेन्स किंवा सेन्सर तरंगता बसवलेला असतो आणि चुंबक-कॉइलने जागेवर धरलेला असतो. हाताच्या कंपांसाठी, म्हणजे सेकंदाला पाच-दहा वेळांसाठी, ती रचना उत्तम. इंजिनाच्या थरथरीला ती पुरी पडत नाही आणि लेन्स आतल्या आत हलते. ओळखायचं असं: त्याच माउंटवर, त्याच आरपीएमला, मुख्य कॅमेऱ्याने आणि अल्ट्रावाइडने एकेक नमुना घ्या. पुष्कळ फोनच्या अल्ट्रावाइडला ऑप्टिकल स्टॅबिलायझेशन नसतं. दृश्य निम्म्या आकाराचं असल्यामुळे लाट निम्मी होणं अपेक्षितच आहे. ती निम्म्याहून खूपच कमी झाली, तर दोष तरंगत्या लेन्सचा. मग गाडीवर अल्ट्रावाइडच वापरा.

सेटिंगमधून स्टॅबिलायझेशन बंद केल्याने बहुतेक वेळा फक्त इलेक्ट्रॉनिक भाग बंद होतो. लेन्स तरंगतीच राहते.

हा प्रश्न चित्रापुरता नाही. मोठ्या इंजिनाच्या मोटरसायकलची थरथर हँडलबारमधून थेट फोनला बसत राहिली तर कॅमेऱ्याची कार्यक्षमता खालावू शकते, अशी सूचना ॲपलने सप्टेंबर २०२१ मध्ये स्वतःच प्रसिद्ध केली आहे. मोपेड-स्कूटरसाठीही डॅम्परचा माउंट वापरा, असं त्यात म्हटलं आहे. रचना तीच असल्यामुळे इतर कंपन्यांच्या फोनलाही ही काळजी लागू आहे. बिघाडाची खूण म्हणजे गाडीवरून उतरवून टेबलावर टेकवलेला फोनही स्थिर वस्तूचं हलणारं चित्र दाखवतो, फोकस पुढेमागे शोधत राहतो, कधी बारीक गुणगुण ऐकू येते. तिथून पुढे सर्व्हिस सेंटरच.

एनडी फिल्टर: उरलेली लाट पुसण्यासाठी

डॅम्परनंतरही थोडी लाट राहिली, किंवा डॅम्पर आजच्या आज मिळणार नसेल, तर शटर हळू करा. इंजिनाची एक थरथर १३.३ मिलिसेकंदांची आहे. प्रत्येक ओळ बरोबर तेवढा वेळ उजेड घेत राहिली, तर प्रत्येक ओळीत थरथरीचा पूर्ण फेरा येतो, सगळ्या ओळी सारख्याच पुसट होतात आणि लाट उरतच नाही. नेमकं १/७५ जुळवायची गरज नाही. १/६० वर ठेवलं तर ३००० आरपीएमच्या वर कुठेही लाट साधारण पाचव्या हिश्श्यावर येते.

भर उन्हात हे बिनफिल्टरचं शक्य नाही. एफ/१.८ लेन्स, आयएसओ ५०, कडक ऊन म्हटलं की शटर १/४००० च्या आसपास जातं. १/६० ला यायचं तर सहा स्टॉप कमी करावे लागतात, म्हणजे उजेड सहा वेळा निम्मा करायचा. त्यासाठी लेन्सपुढे लावायची काळसर काच म्हणजे एनडी फिल्टर, आणि इथे लागतो तो एनडी ६४. ढगाळ असेल तर एनडी ८ किंवा १६ पुरतो. फिल्टर लावून शटर ऑटोवरच ठेवलं तर फोन कधी आयएसओ वाढवून शटर परत जलद करतो, म्हणून शटर कुलूपबंद करा.

याची किंमत आहे. लाटेच्या जागी सगळ्या चित्रात थोडा मऊपणा येतो, आणि खड्ड्याच्या धक्क्याला फ्रेम क्षणभर पुसट होते. इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलायझेशन चालू असेल तर ते धक्का काढून टाकतं, पुसटपणा मात्र ठेवतं, आणि स्थिर चित्र मधूनच धूसर झाल्यासारखं वाटतं. एकट्या एनडीवर विसंबू नका.

यावरून एक कोडंही सुटतं. संध्याकाळी जेली आपोआप कमी होते आणि माउंट घट्ट केल्याचा परिणाम झाला असं वाटतं. उजेड कमी झाल्यामुळे फोनने शटर हळू केलेलं असतं, एवढंच. माउंटची चाचणी दुपारी घ्या.

शूट झालेला व्हिडिओ वाचवता येईल का

तिरकेपणा असेल तर हो. Adobe Premiere Pro मध्ये Rolling Shutter Repair हा इफेक्ट आहे. त्यातला Rolling Shutter Rate म्हणजे फ्रेमच्या किती टक्के वेळ वाचनात जातो ते. आपल्या फोनची २० मिलिसेकंद आणि ३० फ्रेम, म्हणजे ६० टक्के. फोन उभा धरून शूट केलं असेल तर ओळी बाजूने वाचल्या जातात, तेव्हा Scan Direction बदलायला विसरू नका. चुकीच्या दिशेने दुरुस्ती केली तर वाकडेपणा दुप्पट होतो, आणि तेच दिशा चुकल्याचं लक्षण.

नागमोडी लाटेपुढे हा इफेक्ट हात टेकतो. तो हालचालीचा अंदाज एका फ्रेमवरून दुसऱ्या फ्रेमची तुलना करून बांधतो. सेकंदाला ३० फ्रेममधून ७५ थरथरी कळणारच नाहीत.

थरथर खरोखर मोजणारी वस्तू फोनमध्ये आहे, ती म्हणजे जायरोस्कोप. शूटिंग करतानाच त्याची नोंद ठेवणारं ॲप वापरलं, तर Gyroflow हे मुक्त सॉफ्टवेअर त्या नोंदीवरून ओळ-ओळ सरळ करू शकतं. दिव्यावर मोजलेली वाचन-वेळ तिथे Frame readout time मध्ये भरायची. त्यासाठी फोनचं स्वतःचं स्टॅबिलायझेशन बंद हवं, लेन्स तरंगती नसावी, आणि जायरोची नोंद सेकंदाला निदान तीन-चारशे वेळा झालेली हवी. वाचन-वेळ दोन-तीन मिलिसेकंदांनी चुकली तर खांबाचा वरचा भाग सरळ होतो आणि खालचा वळवळत राहतो, किंवा याच्या उलट. असं दिसलं की आकडा अर्ध्या मिलिसेकंदाने पुढेमागे करत जा. नोंद न ठेवता केलेल्या व्हिडिओला हा रस्ता बंद आहे. त्यात फार तर रिझोल्यूशन १०८० वर आणा, म्हणजे ५ पिक्सेलची लाट अडीचची होईल, आणि खांबांऐवजी दूरचा डोंगर दाखवणारे तुकडे निवडा. सरळ रेष नसली की डोळ्याला लाट चटकन सापडत नाही.